बांधलेला भाव

सोन्याचा भाव उतरणार हे पद्मनाभ पोतदाराने अचूक ओळखलं होतं, आणि त्यातच तो बुडाला. चुकीचं ओळखणारा निदान घाबरून सावध तरी होतो. खरं ओळखणाऱ्याच्या अंगात वारं शिरतं.

हुबळीत त्याचं दुकान लहान, पण नाव मोठं. वडिलांपासूनची रीत होती: गुढीपाडव्याला गिऱ्हाईक येई, विसार देई आणि भाव बांधून जाई. तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त निघाले की दागिना त्याच भावाने घ्यायचा, मग बाजार कुठे का जाईना. रीतीचा दुसरा अर्धा भाग गिऱ्हाइकाला दिसत नसे. ज्या दिवशी भाव बांधला त्याच दिवशी तेवढं सोनं घाऊक व्यापाऱ्याकडून उचलायचं. वडिलांनी हे कधी चुकवलं नाही.

दोन हजार आठच्या पाडव्याला मात्र पद्मनाभने ते चुकवलं. तोळा अकरा हजार आठशे तीस होता. तिकडे परदेशात सोनं हजार डॉलरला टेकून नऊशे वीसवर घसरलं होतं, आणि टीव्हीवरची शहाणी माणसं सांगत होती की आणखी घसरेल. "आज घेऊन काय करायचं? दिवाळीनंतर स्वस्तात उचलू," तो बायकोला म्हणाला. अनुसया म्हणाली, "मामंजी असं करत नव्हते." त्याला राग आला. बायकोने सासऱ्याचं नाव काढलं की नवऱ्याला राग येतोच.

दोनशे तोळ्यांचा भाव बांधला होता, आणि कपाटात त्यातलं गुंजभरही सोनं नव्हतं. होते ते दीपश्रीचे वीस तोळे. लेकीचं लग्न माघात ठरलं होतं. जन्मापासून सणासणाला थोडं थोडं जमवून त्याने स्वतःच्या हाताने घडवलेलं ते सोनं.

गणपतीत भाव बांधल्या भावाच्याही खाली आला. तेव्हा घेतलं असतं तर चार पैसे सुटले असते. पण आठशेवर आलेलं सातशेवर जाईल, ही हाव सुटेना. मग अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, परदेशी पैसा इथून पळू लागला, आणि चाळीस रुपयांचा डॉलर पन्नासाला जाऊन बसला. पद्मनाभचा डोळा मात्र सोन्यावरच होता.

नोव्हेंबर संपता संपता लग्नं तोंडावर आली, तेव्हा तो घाऊक व्यापारी बाळकृष्णशेठच्या गादीवर गेला. भाव त्याने दोनदा विचारून घेतला. तोळ्याला तेरा हजार शंभर.

"शेठ, परदेशात सोनं आठशे पंधरा आहे. पाडव्याला नऊशे वीस होतं. उतरलंय की हो!"

"उतरलंय की. नाही कोण म्हणतो?" शेठनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पेन उचललं. "डॉलर चाळीसलाच राहिला असता तर आज तोळा दहा हजार चारशे ऐंशी पडला असता. म्हणजे सोनं साडेतेराशेनं स्वस्त झालं. तेवढं तू बरोबर ओळखलंस. पण डॉलर चाळीसचा पन्नास झाला, त्यानं सव्वीसशे वीस चढवले. वजाबाकी कर. बाराशे सत्तर वर."

"मी सोन्याचंच बघत बसलो."

"न घेता भाव बांधलास, तेव्हा नुसतं सोनं विकलं नव्हतंस, पद्मनाभ. डॉलरही विकला होतास. एनु माडोदु आता?"

काय करायचं ते पद्मनाभला ठाऊक होतं. दोनशे तोळ्यांचा खड्डा अडीच लाखांचा, आणि कपाटातल्या वीस तोळ्यांची आजची किंमतही जवळपास तेवढीच. शब्द फिरवला असता तर दुकान उरलं नसतं. घरी येऊन त्याने तोंड उघडायच्या आधीच दीपश्रीने दागिन्यांचा डबा पुढे ठेवला. अनुसया स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. पाटल्या, गोठ, वाक्या, सगळं त्याने स्वतःच मुशीत घातलं. कारागिराच्या हाती द्यायला मन धजलं नाही.

त्या सोन्याची पहिली मोहनमाळ विद्यानगरच्या वनिताबाईंची झाली. बाई शाळेत शिकवत होत्या, त्यांच्या लेकीचं, कविताचं लग्न आठवड्यावर आलं होतं. माळ बघून त्या हरखल्या. "पोतदार अण्णा, पाडव्याला भाव बांधला ते बरं झालं बघा. आता तर सोन्याला हात लावायची सोय नाही. तुम्हा सराफांची मात्र चांदी झाली असेल!"

पद्मनाभ हसला. हसावंच लागलं.

दीपश्री दुकानात वजनकाट्याशी बसली होती. बाई तिच्याकडे वळल्या. "दीपश्री, जरा गळ्यात घालून दाखव की गं. आमची कविता तुझ्याच अंगलटीची."

दीपश्रीने माळ घातली, मान ताठ केली, आरशात पाहिलं.

"छान दिसते," ती म्हणाली, आणि फासा उघडता येईना म्हणून पाठ वडिलांकडे केली.