खालच्या वेळेचं अंडं

अंडं उकडायला काही अक्कल लागत नाही, असं लोक म्हणतात. मीही म्हणायचे. घाट सुरू होतो तिथे, अगदी पायथ्याशी, आमची खानावळ होती, आणि सकाळी ट्रकवाले यायच्या आत मी मोठं पातेलं भरून अंडी उकडून ठेवायचे. घड्याळ कधी पाहिलं नाही. पाण्याला उकळी आली की अंडी सोडायची आणि कांदे चिरायला बसायचं. परातभर कांदे चिरून झाले की अंडी झाली. इतक्या वर्षांत एक अंडं कच्चं निघालं नाही, की एकाच्या बलकाला काळी कड आली नाही. माझे हातच माझं घड्याळ होते, आणि मला त्याची घमेंड होती. का नसावी? दुसरं होतं काय माझ्याकडे?

मग रस्ता रुंद झाला आणि खानावळ त्याच्याखाली गेली. नवऱ्याचे थोरले भाऊ वर खूप उंचावर, शिखराच्या जरा खाली लॉज चालवतात. नवरा तिथेच लहानाचा मोठा झालेला, लग्नानंतर खाली आलेला. भाऊजींनी निरोप पाठवला, या म्हणून. जाऊबाईंनी मात्र दारातच अट सांगितली.

"हंगाम संपेपर्यंत स्वयंपाकघर तू बघ. पाहुण्यांची तक्रार आली नाही तर मागची खोली तुमची, कायमची. आली तर माझी बहीण यायला तयारच आहे."

खोली म्हणजे काय, तर एक खिडकी, एक पलंग आणि भिंतीला ओल. पण पावसापाण्यात डोक्यावर छप्पर. मी हो म्हटलं. नाही म्हणून जाणार कुठे होते?

पहिली टोळी आली ती शिट्टीवाल्याची. डोंगर चढायला येणाऱ्या लोकांना तो हाकत घेऊन यायचा, गळ्यात सदा शिट्टी. लॉज निम्मं त्याच्या जिवावर चालायचं. त्याच्या लोकांना सकाळी निघताना बरोबर पाव, मीठ आणि दोन-दोन उकडलेली अंडी द्यायची असायची. मी उकळी आणली, अंडी सोडली, परातभर कांदे चिरले, अंडी काढली, कागदात बांधून दिली.

संध्याकाळी शिट्टीवाला परत आला तो थेट स्वयंपाकघरात. त्याच्या कोटाच्या बाहीवर पिवळा ओघळ वाळून बसला होता.

"बाई, अंडं सोललं आणि सगळं हातात आलं. वर वाऱ्यात उभं राहून लोकांनी अंडी चाटायची का?"

जाऊबाई दारात होत्या. त्या हसल्या नाहीत, याचंच वाईट वाटलं. हसल्या असत्या तर मला राग तरी आला असता.

दुसऱ्या दिवशी मी आच मोठी केली. पाणी असं उसळलं की झाकण नाचायला लागलं. अंडी तशीच. पाणी तेवढं आटलं, आणि भाऊजींनी सिलिंडर हलवून बघितला. मग मला माझ्या हातांचा संशय आला. थंडीने बोटं आखडतात, पण कधी कधी माणूस ऊब यावी म्हणून भराभर कामही करतो. कांदे लवकर चिरून होत असतील. मी बाजारातून घड्याळ आणलं आणि परातीशेजारी ठेवलं. हात बरोबर होते. खाली नवऱ्याने एकदा थट्टेत मोजला होता तितकाच वेळ लागत होता. तरी अंडी कच्ची.

बटाटे शिजत होते. डाळ शिजत होती. पण ते सगळं कुकरमध्ये, दाबून, शिट्टी होईपर्यंत. अंडी तेवढी उघड्या पातेल्यात. पाणी उकळतंय म्हणजे उकळतंय, त्यात काय बघायचं? पाण्यावर कोण संशय घेतो?

उरला अंडेवाला. त्याच्याकडे मी नवऱ्याला घेऊन गेले. एकटीने भांडायला धीर होत नव्हता.

"असली कसली अंडी देता? शिजतच नाहीत," मी म्हटलं.

म्हातारा टोपलीमागे उकिडवा बसला होता. "बाई, अंडी कोंबडीने घातलीत, मी नाही. सगळ्या गावाची शिजतात."

"म्हणजे मला येत नाही?"

"मी तसं कुठे म्हटलं? तुमच्या घरात विचारा की. जुनं घर आहे."

मी त्याला नको नको ते बोलले. खराब माल, म्हातारचळ, सगळं. नवरा शेजारी उभा होता. त्याने टोपलीतलं एक अंडं उचललं, उन्हाकडे धरलं, परत ठेवलं आणि म्हणाला, "चल आता." वाटेत त्याने माझी पिशवी घेतली. मला तेव्हा बरं वाटलं होतं. माझ्या बाजूने उभा राहिला, असं वाटलं होतं.

जाऊबाईंना बातमी आमच्या आधी पोचली. "नाचता येईना अंगण वाकडं," त्या कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या. भाऊजी वाईट माणूस नाहीत, पण बायकोपुढे त्यांचं चालत नाही. ते एवढंच म्हणाले, की शिट्टीवाल्याची पुढची टोळी येत्या आठवड्यात आहे, आणि या खेपेला तो बोलला तर त्यांचा नाइलाज आहे.

त्या दिवसांत मी रडले. बसल्या जागी, कांदे चिरता चिरता, म्हणजे कोणाला कळू नये. पण नवऱ्याला कळत होतं. इतकी वर्षं कांदे चिरणारी बाई कांद्याने रडत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तो पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "दमली आहेस. होईल." मला खरंच वाटायला लागलं होतं की खानावळीबरोबर माझे हातही रस्त्याखाली गेले.

टोळी संध्याकाळी यायची होती, त्या सकाळी पाहुणे नव्हते, म्हणून मी जरा उशिरा उठले. स्वयंपाकघरात गेले तर शेगडीवर लहान पातेलं, त्यात चार अंडी उसळ्या मारत होती. नवरा नव्हता. तो मागच्या अंगणात बादल्या भरत होता. बादल्या भरून झाल्या, त्याने लाकडं आणून रचली, आरसा खिडकीत टेकवून दाढी केली. मी दाराआड उभी राहून बघत होते. म्हटलं, विसरला हा, आता अंडी दगड होणार. तोंड पुसत तो आत आला, पातेल्यात एकदा डोकावला आणि परत जाऊन चपला झटकल्या. मग सावकाश येऊन अंडी गार पाण्यात टाकली, एक सोललं, सुरीने मधोमध कापलं.

पिवळं, कोरडं, भुसभुशीत. कड काळी नाही. माझ्या खानावळीतलं अंडं.

"किती वेळ ठेवलंत?" मी विचारलं.

तो दचकला. सुरी खाली ठेवली. "दादाला हवं होतं," तो म्हणाला.

"किती वेळ ठेवलंत ते विचारतेय."

"इथे जास्त लागतो. खालच्या दीडपट तरी." तो पातेल्याकडे बघत बोलत होता. "उंचावर पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापलेलं नसतं. उकळी दिसते, आच कितीही वाढवली तरी त्याच्यावर तापत नाही. त्यात अंडी गारठलेली. म्हणून थांबायचं, दुसरं काही नाही."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लहानपणापासून. मीच उकडायचो ना पाहुण्यांची."

माझ्या डोळ्यांसमोर अंडेवाला आला, आणि उन्हाकडे धरलेलं ते अंडं.

"मग सांगितलं का नाही?"

"वहिनी म्हणाली होती, मध्ये बोलू नकोस. तिचं तिला जमतंय का बघू दे." मग सुरी पुसत म्हणाला, "तिने मला वाढवलंय गं. तिच्या शब्दाबाहेर कसं जायचं? आणि मला वाटलं, तुला आज ना उद्या कळेलच."

"आणि मी रडत होते तेव्हा?"

त्याने दुसरं अंडं सोलायला घेतलं. इतके दिवस मूग गिळत होता, आता सवय झाली असणार. मला ओरडायचंही सुचलं नाही. जाऊबाईंचा राग आला नाही, त्या परक्या घरातल्या, त्यांना बहीण आणायची होती, त्यांचं गणित सरळ होतं. पण हा माणूस माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. तोंडात उत्तर धरून पाठीवरून हात फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टीवाल्याची टोळी शिखराकडे निघाली. मी परातभर कांदे चिरले, मग अजून अर्धी परात चिरली, आणि तेव्हा अंडी काढली. संध्याकाळी शिट्टीवाला स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाला, "आज ठीक होतं, बाई." एवढंच. कोणी चांगल्या अंड्याची तारीफ करत नाही.

"शिकलीस म्हणायची," जाऊबाई म्हणाल्या.

"शिकले," मी म्हटलं. कोणाकडून ते त्यांनी विचारलं नाही.

अंडेवाल्याकडे जाऊन मी माफी मागितली. त्याने मान हलवली आणि दोन अंडी जास्त घातली, तेव्हा मात्र मला रस्त्यातच रडू आलं.

हंगाम संपला. खोली आमची झाली. नवऱ्याने खिडकीला नवी काच बसवली, भिंतीला चुना दिला, आणि एकदा म्हणाला, "बघ, शेवटी सगळं नीट झालं ना." मी हो म्हटलं. खोलीत पलंग एकच आहे आणि डोंगरावर थंडी फार, त्यामुळे आम्ही अजूनही एकमेकांना पाठ लावूनच झोपतो.

त्याला अंडं पूर्ण उकडलेलं लागतं. लग्न झाल्यापासूनची सवय. रोज सकाळी मी सगळ्यांची अंडी वरच्या वेळेने उकडते. त्याची दोन अंडी वेगळ्या पातेल्यात ठेवते, आणि एक परात कांदे चिरून झाले की काढते. एकच परात.

पहिल्या दिवशी त्याने सोललं तेव्हा पांढरं लिबलिबीत झालं आणि पिवळं बोटांवरून मनगटाकडे ओघळलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पाव कापत होते. विचारलं असतं तर मी सांगणार होते, पण त्याने विचारलं नाही. मग तेच रोज झालं.

काल भाऊजींचं लक्ष गेलं. जाऊबाईही समोरच बसल्या होत्या, त्यांच्या ताटलीत घट्ट पिवळं अंडं, मीठ-मिरी लावलेलं.

"अरे, तुझंच असं कच्चं कसं?" भाऊजींनी विचारलं.

नवऱ्याने ओघळ पावाने पुसला. वहिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मला असंच आवडतं, दादा," तो म्हणाला.

मी दुसरं अंडं त्याच्या ताटलीत ठेवलं.