टेपचं माप

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या दिराने ऑनलाइन एक टनाचा, तीन स्टारचा एसी शोधला. "स्वस्त आहे, वहिनी. डोळे मिटून घ्या!"

मावशींनी डोळे चांगले उघडे ठेवले. डोक्यावर तापलेली गच्ची, खोलीत दिवसभर इस्त्री. तिथे एक टन म्हणजे फाटक्या आभाळाला ठिगळ. त्यांनी दीड टनाचा, पाच स्टारचा घेतला. स्टारच्या लेबलावरचं साल आणि वर्षाची युनिटंही वाचली. बसवण्याच्या अटींचं पान तर छापूनच ठेवलं.

"अतिशहाणपणा," दीर म्हणाला.

एसी बसवून झाल्यावर मेकॅनिकने बिल पुढे केलं. "पाइप पाच मीटर लागला. जादाचे दोन मीटर, बाहेरचा स्टँड आणि भिंतीचं भोक."

"स्टँड आणि भोक पानावर आहे, ते देते. तीन मीटर पाइप मात्र एसीबरोबरच येतो. पाच कुठे लागला?"

"मावशी, आम्ही रोज हेच करतो."

"देऊन टाका ना वहिनी, कटकट कशाला?" दीर पुटपुटला.

मावशींनी गळ्यातला टेप काढला, स्टुलावर चढल्या आणि आतल्या मशीनपासून बाहेरच्यापर्यंत पाइपवर टेप धरला. दीड मीटरचा टेप दुसऱ्यांदा पुरता उलगडलाही नाही.

"पावणेतीन," त्या म्हणाल्या.

"पाइप वळतो ना, मावशी..."

"वळणासकट धरलंय. तीस वर्षं माणसांची मापं घेतेय. कोण किती पाण्यात आहे ते मला टेप न लावताही कळतं. खोड ते दोन मीटर."

मेकॅनिकने खोडले. दिराने स्टूल धरून ठेवलं होतं.