टाकीचा वाटा

आश्रुबानं सौदीतल्या दम्मामच्या एका नकाशे काढणाऱ्या कचेरीत सोळा वर्षं काढली होती. खोल्यांची नावं अरबीत लिहायची, मापं टाकायची, चहा आणायचा, अशी सगळी कामं तो करायचा. परत आल्यावर परळीत स्टेशनरोडला त्यानं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं. थर्मल वीजकेंद्राची राख काचेवर बसायची, तो पुसायचा, ती पुन्हा बसायची. आखाती देशांत गेलेल्यांचे कागद अरबीत करून देणारा माणूस म्हणून त्याला चार तालुक्यांत ओळखत. मात्र पदरचं काही घालणं त्याला खपत नसे. कागदावर आहे तेवढंच लिहायचं, हा त्याचा हट्ट होता, आणि त्यापायी त्यानं गिऱ्हाइकं घालवलीही होती.

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात सत्यभामा त्याच्या दुकानात आली. मूळची शिरूर कासारची, दर दिवाळीनंतर मुलांना घेऊन ऊसतोडीला जाणारी. तिचा नवरा भारत अकरा वर्षं सौदीत एका कुटुंबाची गाडी चालवत होता. त्या घरच्या म्हाताऱ्यानं भारतला शब्द दिला होता, की गावाकडं घर घे, पैसे मी भरतो. फक्त घराचा कागद आधी पाहणार, आणि म्हाताऱ्याला अरबीशिवाय दुसरं अक्षर येत नव्हतं. घर मिळालं तर सत्यभामेचा कोयता खुंटीला लागणार होता आणि मुलं शाळेत टिकणार होती.

घर होतं परळीबाहेर, मोहनरावांच्या गृहनिर्माण सहकारी सोसायटीत. मोहनराव चेअरमन. सत्यभामेनं सोसायटीच्या रंगीत पत्रकावरच्या नकाशाचा फोटो काढून आणला होता. फोटो तिरका, त्यात चकचकीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग, आणि नेमका स्वयंपाकघराच्या मापावर.

"ह्यात आठ बाय काय हाय, दिसंना," आश्रुबा म्हणाला.

"नऊ असंल की भाऊ. अंदाजानं टाका."

"अंदाजानं भाजीत मीठ टाकत्यात. जा, पत्रक जमिनीवर पसरा, खिडकीचा उजेड घ्या, फ्लॅश बंद करा आन् वरून सरळ फोटो काढा."

ती गेली आणि तासाभरात नीट फोटो घेऊन आली. आठ बाय नऊच होतं. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, की दुसऱ्यानं मान खाली घातली असती.

भारतनं आधी मोबाइलमधल्या अ‍ॅपवर हा नकाशा टाकून पाहिला होता. अ‍ॅपनं हॉलचं लग्नाचं सभागृह केलं होतं आणि ड्राय बाल्कनी, म्हणजे कपडे वाळत घालायची जागा, वाळलेली करून टाकली होती. आश्रुबानं इंग्रजी नावं पांढऱ्या रंगानं झाकून त्यांच्या जागी बसायची खोली, झोपायची खोली, धुणं वाळवायची जागा असं साध्या अरबीत लिहिलं. अरबी उजवीकडून चालते, म्हणून काही शहाणे नकाशाच आरशासारखा उलटवतात आणि मग संडास जिथं नाही तिथं निघतो. त्यानं चित्राला हात लावला नाही, फक्त अक्षरं फिरवली. फुटांचे मीटर केले. हॉल दहा बाय तेरा, म्हणजे तीन पूर्णांक शून्य पाच बाय तीन पूर्णांक शहाण्णव.

सत्यभामेनं पडद्यावर बोट ठेवलं. "हितं पूज्य कावून लिवलं?"

"ते पूज्य न्हाई, त्यांचा पाच हाय. त्यांचं पूज्य म्हंजे नुसता ठिपका."

सगळ्या खोल्या झाल्यावर त्यानं सवयीनं बेरीज केली. तीनशे बहात्तर चौरस फूट. पत्रकावर खाली ठळक छापलं होतं, क्षेत्रफळ पाचशे साठ.

तो थांबला. खोल्यांचे चौरस मीटर भरत होते साडेचौतीस, आणि खाली लिहायचे होते बावन्न. क्षेत्रफळ एवढाच शब्द लिहिला तर म्हातारा ते घराच्या आतलं समजणार.

"मोठाच आकडा लिवा भाऊ," सत्यभामा घाबरून म्हणाली. "ल्हान दिसलं तर म्हातारा न्हाई म्हणंल."

"मोठा लिवणारच हाय. छापलाय त्यो. पण कशाचा, ते इचारतो."

त्यानं मोहनरावांना फोन लावला. मोहनराव सभेत बोलावं तसे बोलले. "आरं, सगळेच तसं छापत्यात. भिंती आल्या, जिना आला, गच्ची आली, जमिनीतली पाण्याची टाकी आली. प्रत्येकाचा वाटा धरलाय. लिव की तसं."

आश्रुबानं तसंच लिहिलं. बावन्न चौरस मीटर, विक्रीचं क्षेत्रफळ, यात भिंती, जिना, गच्ची आणि जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचा वाटा धरला आहे. खाली स्वतःच्या नावानं एक टीप टाकली, की खोल्यांच्या मापांची बेरीज साडेचौतीस होते. कागद गेला.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा आवाज आला, भारतच्या फोनवरून, खोकत खोकत. सत्यभामा स्टुलावर ताठ बसली होती. आश्रुबा एकेक वाक्य मराठीत सांगू लागला.

"म्हंतोय, घर ल्हान हाय, पण माणसं चार हायेत, चालंल. म्हंतोय, ल्हान आकडा बी लिवला हे बरं केलं. पण टाकीचा वाटा इकताय, तर चित्रात टाकी कुठं हाय? टाकी दाखवा, त्या दिवशी पैसे."

टाकी चित्रात नव्हती आणि जमिनीतही नव्हती. आठ घरं राहायला आलेली होती, आणि ती आठही घरं टँकरच्या रांगेत उभी असायची.

संध्याकाळी मोहनराव स्वतः दुकानात आले. "एक चौकोन काढ. वर त्यांच्या भाषेत टाकी लिव. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"फोटोत न्हाई ते मी लिवीत न्हाई, साहेब. आधी टाकी खांदा, मग फोटो आणा."

"लई शहाणा झालास बे. त्या बाईचं घर बुडवशील." मोहनराव गेले.

सत्यभामा दारातच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "एक चौकोन, भाऊ," ती म्हणाली. "पोरं परत फडावर जातील." तरी आश्रुबा नाहीच म्हणाला. आपण खरे आहोत की नुसते हेकट, हे त्याला त्या रात्री कळेना.

सत्यभामा त्याच्याशी बोलायची थांबली, पण तिनं तोंड बंद ठेवलं नाही. टँकरच्या रांगेत जाऊन तिनं आठही घरच्या बायांना पत्रक दाखवलं आणि विचारलं, तुमी टाकीचा वाटा घेतलाय, मग घागर कावून धरलीय? कडूबाई म्हणून एक थोराड बाई होती, ती सगळ्यांना घेऊन रिकाम्या घागरींसकट सोसायटीच्या हापिसात जाऊन बसली. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी मोहनरावांनी जेसीबी पाठवला.

महिन्यानं सत्यभामा दुकानात आली आणि तिनं फोन पुढं केला. प्लास्टर केलेली टाकी, आणि तळाशी उभी ती स्वतः, माप कळावं म्हणून. फोटो वरून सरळ काढलेला, फ्लॅश बंद.

आश्रुबानं मापं विचारून घेतली, नकाशाशेजारी फोटो जोडला, टाकीवर अरबीत नाव घातलं आणि पुढं एक शब्द जोडला.

"ह्यो दुसरा शब्द कशाचा?"

"रिकामी."

"त्ये बी लिवलं?"

"पाणी न्हाई फोटोत."

तिनं डोक्याला हात लावला. पण तासाभरात म्हाताऱ्याचा निरोप आला, की पैसे रविवारी निघतील. सत्यभामेनं पदरानं तोंड पुसलं. मग उठली, फोन कनवटीला लावला आणि उंबऱ्यावरून वळली.

"पाणी आलं की फोटो काढून आणते, भाऊ. तवा त्यो शब्द खोडा."