बॉक्सखालची फट

तलासरीहून मनोरमाबाईंचा फोन आला तेव्हा ललित एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर कमळ मधोमध आणत होता. सकाळपासून आणत होता. कमळ डावीकडेच खूश होतं.

"तुमचं पान उडतं," बाई म्हणाल्या.

"उडतं म्हणजे?"

"उडतं म्हणजे उडतं. मी एक अक्षर लिहिते, पान वर जातं. मी त्याला खाली आणते, पुन्हा एक अक्षर लिहिते, पुन्हा वर. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेत मी, पण इतकं चुळबुळं कार्टं नाही पाहिलं."

मनोरमाबाई तलासरीच्या एका वसतिगृहाच्या निवृत्त शिक्षिका. वसतिगृहाला पन्नास वर्षं होत होती आणि ट्रस्टने माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी गोळा करायला वेबसाइट मागितली होती. तिच्यात एक पान, पानावर नाव लिहायची जागा, खाली 'आपली आठवण लिहा' असा बॉक्स आणि त्याखाली 'पाठवा'चं बटण. माजी विद्यार्थ्यांनी लिहावं अशी अपेक्षा होती. आतापर्यंत लिहीत होत्या त्या एकट्या बाई, चाचणीच्या लिंकवर. त्यांची आठवण अजून एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत होती.

ललित दुसऱ्या दिवशी तलासरीला गेला. खरं म्हणजे फोनवर समजण्यासारखी गोष्ट होती, पण पान उडताना पाहिल्याशिवाय कळत नाही, असं त्याने मालकाला, म्हणजे सुनिलभाईंना, सांगितलं. सुनिलभाई म्हणाले, "चालशे. येताना चिकू नको आणू, घरी पडलेत."

वसतिगृहाच्या ऑफिसात बाईंनी लॅपटॉपसमोर बसून लिहून दाखवलं. पहिल्या दहा-बारा ओळी सगळं शहाण्यासारखं चाललं. लिहिलेलं वाढेल तसा बॉक्स वाढत होता. मग मजकूर स्क्रीनच्या तळाशी पोचला आणि बाईंनी 'विहिरीवरचा पंप' लिहायला घेतला. 'वि'ला पान हललं. 'हि'ला हललं. पंप येईपर्यंत बाईंची ओळ स्क्रीनबाहेर गेली होती.

"बघा," बाई समाधानाने म्हणाल्या.

ललितला चूक दिसली. ती त्याचीच होती. बॉक्स मोठा करायचा तर आत किती उंचीचा मजकूर आहे ते विचारावं लागतं. आणि मजकूर खोडला तर बॉक्स लहानही व्हायला हवा, म्हणून त्याने असं लिहून ठेवलं होतं की दर अक्षराला आधी बॉक्सची उंची सोडून द्यायची, मग मोजायचं, मग नवी उंची द्यायची. सोडल्याबरोबर बॉक्स क्षणभर एका ओळीचा होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण ब्राउझरला दिसतं. पान तेवढ्यापुरतं आखूड होतं, तळाशी असलेल्या माणसाला धरून ठेवायला खाली पानच उरत नाही, मग ब्राउझर त्याला वर सरकवतो. बॉक्स पुन्हा मोठा होतो. माणसाला परत जागेवर आणायचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

"दुरुस्त होईल?"

"होईल. बॉक्सला हातच लावायचा नाही. त्याचा एक जुळा करायचा, तेवढ्याच रुंदीचा, त्याच अक्षरांचा, पण लपवलेला. तुम्ही इकडे लिहिलं की तेच तिकडे उतरवायचं. मोजायचं जुळ्याला आणि उंची द्यायची बॉक्सला. मग बॉक्स मधेच आखूड होत नाही."

"म्हणजे शिक्षा एकाला आणि शिकतो दुसरा," बाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

*

डहाणू रोडच्या ऑफिसात टेबलं तीन होती. एक सुनिलभाईंचं, एक ललितचं आणि खिडकीखालचं नीलमचं. नीलमला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचे वडील रेल्वेत होते. ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि सगळं घर जळगावला गेलं. इतक्या सरळ कारणाने माणूस जातो तेव्हा अडवायला काही सापडत नाही. ललितने स्टेशनवर बॅगा उचलून दिल्या. 'इंटरनेट बरं आहे का तिकडे' एवढं एकच वाक्य त्या दिवशी त्याच्याकडून निघालं. वय एकोणचाळीस होतं, वाक्यं सुचायला हरकत नव्हती.

सुनिलभाई मात्र व्यवहारी. त्यांनी तपासणीचं काम जळगावला तिच्याकडेच ठेवलं. प्रत्येक साइट पूर्ण झाली की तिच्याकडे जायची आणि चुकांची यादी परत यायची. यादी सुनिलभाईंना आणि ललितला. यादीत नमस्कार नसायचा. पण एक कलम ठरलेलं असायचं: 'बॉक्सखाली फट.'

ही फट नीलमनेच, ती या ऑफिसात लागली त्या पहिल्या आठवड्यात, शोधली होती. बॉक्स एखाद्या रंगीत पट्टीत ठेवला की खाली पाच-सहा पिक्सेलची रिकामी रेघ उरते. कुणी मागितलेली नसते. तेव्हा ललितने जाणकाराच्या थाटात समजावलं होतं: ब्राउझर बॉक्सला ओळीतलं एक अक्षरच समजतो. ओळीवर नेऊन बसवतो आणि खाली उकारांना लोंबायला जागा सोडतो.

"पण ओळीत दुसरं अक्षरच नाहीये."

"आलं तर, म्हणून."

"जे येणार नाही त्याच्यासाठी जागा धरून बसतो? येडाच आहे," नीलम म्हणाली होती आणि तिने 'डिस्प्ले ब्लॉक' एवढं लिहून फट घालवली होती. बॉक्सला सांगायचं, तू अक्षर नाहीस, स्वतंत्र ठोकळा आहेस. झालं.

ती ओळ ललितला झोपेतही लिहिता आली असती. दोन वर्षांत त्याने ती एकदाही लिहिली नव्हती. महिन्याला एखादी साइट व्हायची, तिच्यात फट असायची आणि जळगावहून 'बॉक्सखाली फट' असं यायचं. हा काही पत्रव्यवहार म्हणता येत नाही. पण नियमित होता.

*

जुळा करून झाल्यावर तो बॉक्सबरोबर वाढतो का हे बघायला लांब मजकूर लागतो. ललित एरवी हवामानाची बातमी चिकटवायचा. त्या दुपारी सुनिलभाई वेवजीला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते, खिडकीखालचं टेबल समोर होतं आणि बाई म्हणाल्या होत्या त्याप्रमाणे एकेक अक्षर टाइप करून बघणं भाग होतं. निदान स्वतःला त्याने तसं सांगितलं.

'नीलम, तुझं टेबल अजून तसंच आहे,' त्याने लिहिलं. बॉक्स हलला नाही. एंटर दाबला, बॉक्स एका ओळीने गुपचूप वाढला. 'सुनिलभाई त्यावर प्रिंटर ठेवणार होते, मी म्हटलं खिडकीतून ऊन येतं.' वाढला. 'तिथे ऊन येत नाही हे तुला माहीत आहे.' वाढला. नऊ ओळी झाल्या. शेवटची होती, 'स्टेशनवर इंटरनेटचं विचारलं, ते विचारायचं नव्हतं.'

पान ढिम्म होतं. उत्तम काम झालं होतं. जुळ्याची उंची बॉक्सशी तंतोतंत जुळते का हे बघायला त्याने त्याच नऊ ओळी थेट फाइलमध्ये, जुळ्याच्या जागी, हाताने चिकटवल्या. जुळली. मग बॉक्समधलं सगळं खोडलं, फाइल चाचणीच्या लिंकवर ठेवली आणि वरोरच्या किनाऱ्याहून येणारा सुक्या बोंबलाचा वास अंगावर घेत सरावलीला घरी गेला.

शुक्रवारी बाईंचा फोन आला.

"आता उडत नाही. शाबास. पण एक गंमत आहे. बॉक्स रिकामाच मोठा उघडतो. चांगला हातभर. मी एक अक्षर लिहिलं की अंग चोरून एवढासा होतो."

"रिकामा असून?"

"हो ना. आत आधीच कुणीतरी बसलंय आणि मी आले की उठून जातंय, असं वाटतं."

ललितने फाइल उघडली. बॉक्समधलं त्याने हाताने खोडलं होतं, फाइलमधल्या जुळ्यातलं खोडायचं राहिलं होतं. पान उघडलं की उंची जुळ्यावरून घेतली जात होती आणि जुळ्यात नऊ ओळी होत्या. पहिलं अक्षर टाइप केलं की तेवढं एक अक्षर जुळ्यात उतरायचं, नऊ ओळी जायच्या, बॉक्स आक्रसायचा. पानावर बाईंना त्यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. पानाच्या पोटात डोकावायची सवय असलेल्या माणसाला ते पहिल्या मिनिटात दिसलं असतं.

"सुनिलभाई, तलासरीचं पान नीलमकडे गेलं का?"

"सकाळीच. का, काय राहिलं?"

"नाही," ललित म्हणाला. "काही राहिलं नाही."

नीलमची यादी दुसऱ्या दिवशी यायची, फार तर तिसऱ्या. शनिवारी आली नाही. रविवारी येण्याचा प्रश्न नव्हता, तरी ललितने चौदा वेळा बघितलं. सोमवारी सुनिलभाईंनी प्रिंटर उचलून खिडकीखालच्या टेबलापर्यंत नेला, क्षणभर ललितकडे पाहिलं आणि पुन्हा होता तिथे ठेवला. "ऊन येतं ना तिथे," ते म्हणाले. ऊन नव्हतं.

मंगळवारी दुपारी यादी आली.

'एक. बॉक्स रिकामा असताना उंच उघडतो. फाइलमध्ये बदल करून परत पाठवली आहे.
दोन. बॉक्सखाली फट. तशीच ठेवली आहे.'

नमस्कार नव्हता. सुनिलभाई आपल्या टेबलावरून म्हणाले, "दोनच चुका? सुधारलास तू."

ललितने फाइल घेतली, पान उघडलं. बॉक्स रिकामा होता आणि तीन ओळींचा उघडला.

त्याने पुन्हा उघडून पाहिला. तीनच. बदल करून पाठवलेला रिकामा बॉक्स एका ओळीचा उघडायला हवा होता आणि नीलमच्या हातून दोन ओळींची चूक होत नाही. तो थोडा वेळ त्या रिकाम्या तीन ओळींकडे नुसताच बघत राहिला. वाचलं नव्हतं तोवर त्यात काहीही असू शकत होतं.

मग त्याने जुळा उघडला.

'फट मुद्दाम ठेवतोस हे तिसऱ्या साइटपासून माहीत आहे.
यादीत लिहायला मलाही काहीतरी लागतं, म्हणून गप्प होते.
आता एक पान फट न ठेवता पाठव. बघू मग, मी काय लिहिते.'

"काय रे, शुं थयुं?" सुनिलभाईंनी विचारलं.

"काही नाही. बाईंचं पान संपवतोय."

त्याने जुळा रिकामा केला. तीन ओळी खोडताना त्याला जेवढा वेळ लागला तेवढा नऊ लिहायलाही लागला नसेल. मग दोन वर्षांत पहिल्यांदा, स्पेलिंग तपासत, त्याने 'डिस्प्ले ब्लॉक' लिहिलं. फट मिटली. बॉक्स पट्टीच्या कडेला नीट जाऊन टेकला. आता त्या पानात काढण्यासारखी चूक उरली नव्हती. त्याने सगळीकडून शोधून पाहिली.

बाईंना कळवलं. पंधरा मिनिटांत त्यांचा फोन आला. पान उडत नाही, बॉक्स अंग चोरत नाही, पंपाचं लिहून झालं, आता मुलींच्या नाटकाचं घेते.

मग त्याने तेच पान जळगावला पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही. खिडकीखालच्या टेबलावरची धूळ रुमालाने पुसली, आपल्या जागेवर येऊन बसला, मंगल कार्यालयाचं कमळ पुन्हा उघडलं आणि मोबाइल समोर उताणा ठेवला.