घराक म्हणजे घरी

थोरल्या काकांच्या घरात चूक बोलायला बंदी होती. चूक म्हणजे काय, ते काका ठरवायचे. 'आणि'चा 'णी' दीर्घ काढला म्हणून त्यांनी एकदा लग्नपत्रिका वराच्या बापाच्या तोंडावर परत केली होती. चाळीस वर्षं भाषेचे शिक्षक, त्यात शेवटची दहा मुख्याध्यापक. आजोबा बोलायचे ती बोली घरात कुणाच्या तोंडून निघाली की काका कानात माशी गेल्यासारखं तोंड करायचे. त्यामुळे पुढच्या पिढीतल्या कुणाला ती धड येत नव्हती. पुतणीलाही नाही.

पुतणी छापखान्यात अक्षरजुळणी करायची. आजोबांच्या जन्मशताब्दीची स्मरणिका काढायचं काकांनी ठरवलं, तेव्हा काम साहजिकच तिच्या गळ्यात पडलं. एका सकाळी काका छापखान्यात आले, खुर्ची रुमालानं पुसून बसले आणि पिशवीतून दोन कागद काढले.

"हे बाबांचं शेवटचं पत्र. बोटीवरून मला लिहिलेलं. ह्याचा फोटो डाव्या पानावर. उजव्या पानावर माझं प्रमाण मराठी रूपांतर. मूळ कुणाला कळणार नाही. गावठी आहे."

"तुम्हाला कळतं ना?"

"मला कळतं म्हणून तर रूपांतर केलं," काका म्हणाले. "आणि एक लक्षात ठेव, मी कानामात्रेचीही चूक ठेवत नाही. तू फक्त टाइप कर. डोकं वापरू नकोस."

पत्र पोराचं कौतुक करणारं होतं. 'तू मास्तर झालंस, माका बरा वाटला.' काकांना ते छापून हवं होतं, यात नवल नव्हतं. बापानं दिलेलं प्रशस्तिपत्र ते. पण त्याच पानाच्या मधोमध आत्याबद्दल तीन ओळी होत्या. पान फोटोत अख्खं येणार, मग त्या ओळींचंही काहीतरी करणं भागच होतं.

आत्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. लग्नानंतर दोन वर्षांत तिनं सासरचा जाच बोटीवर नोकरीला असलेल्या बापाला कळवला. मग ती नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली, आणि त्याच दिवसांत आजोबांचं हे शेवटचं पत्र आलं: तिला दारात उभं करू नका. काकांनी ते पत्र आजीला वाचून दाखवलं. आजीला अक्षरओळख नव्हती. तिनं पदर तोंडाला लावला आणि दार लावून घेतलं. पुढच्या दोन महिन्यांत आजोबा बोटीवरच वारले. विचारायला कुणी उरलं नाही. आत्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला शिलाईचं दुकान टाकलं आणि त्रेचाळीस वर्षांत बापाचं नाव काढलं नाही.

पुतणी टाइप करत त्या ओळींपाशी आली. पत्रात होतं: 'चेडवाक घराक हाड. तेका थंय रवाक देव नको. लोक काय उलयतत ता आयकू नको.' काकांचं रूपांतर: 'मुलीला घरातून हाकल. तिला तिथे राहू देऊ नको. लोक काय म्हणतील ते ऐकू नको.'

तिचा हात थांबला. पोरीला हाकलायचं, तर लोकांचं ऐकू नको कशाला? लोक तर हाकला म्हणूनच सांगणार. तिनं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी काकांच्या कागदाला बोट लावून. चार ओळी वर आजोबांनी विचारलं होतं, 'कौलां घराक पोचली काय?' काकांनी लिहिलं होतं, 'कौले घरी पोहोचली काय?' आणि अगदी शेवटी, 'येताना तुका बूट हाडतंय.' काकांचं रूपांतर: 'येताना तुला बूट आणतो.'

म्हणजे कौलं येताना 'घराक' म्हणजे घरी, आणि पोरगी येताना घरातून? बूट आणायचे, आणि पोरीला हाड हाड?

तरी तिनं खात्री करायची ठरवली. मागच्या खोलीत पुस्तकांची बांधणी करणाऱ्या मावशी आजोबांच्याच मुलखातल्या. तिनं ओळ वाचून दाखवली आणि अर्थ विचारला.

"मुलीला घरी घेऊन ये," मावशी खळीचा हात न धुताच म्हणाल्या. "थंय म्हणजे तिकडे. सासरी राहू देऊ नको तिला. का गं? ह्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"एका विद्वानाला कळलं नाही."

"मग तो विद्वान पाणी कसा मागतो?" मावशी हसल्या. "'पाणी हाड' हे तर लेकरू बोलायला लागतं तेव्हाच शिकतं."

संध्याकाळी काका मुद्रित पाहायला आले. पुतणीनं 'घरातून', 'हाकल' आणि 'आणतो' या तीन शब्दांखाली लाल रेघा मारून कागद पुढे ठेवला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"प्रमाण भाषेत 'हाड' म्हणजे काय ते शब्दकोशात बघ. कुत्र्याला म्हणतात."

"आजोबांनी शब्दकोश बघून लिहिलं नव्हतं. आणि बूट तुम्ही बरोबर आणलेत, काका."

काकांनी बोटानं एक लाल रेघ पुसून पाहिली. मग आवाज उतरवून म्हणाले, "माझी नेमणूक कायम व्हायची होती. नवरा सोडून आलेली बहीण घरात… शाळेच्या संस्थेची माणसं कशी होती तुला माहीत नाही. बाबा लांब बोटीवर. त्यांना काय जातंय लिहायला?"

"म्हणून त्यांच्या तोंडी शिवी घातलीत."

"शिवी नाही घातली. रूपांतर केलं," काका म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्याची त्यांना लाज वाटली असावी, कारण लगेच ते ओरडले, "स्मरणिका रद्द! कागद दे इकडे!" रूपांतराचे त्यांनी चार तुकडे केले. मूळ पत्र मात्र स्कॅनरच्या काचेखाली होतं. ते त्यांना सापडलं नाही आणि पुतणीनं सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती आत्याच्या दुकानात गेली. आत्या एका ब्लाउजची बाही उसवत होती. "बस. तुझा काका मेला का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही. हे ऐका." पुतणीनं तोडक्यामोडक्या उच्चारात ओळ वाचली. आत्याच्या हातातली कात्री थांबली.

"परत वाच."

पुतणीनं परत वाचली. मग तिसऱ्यांदा. आत्यानं कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला. बापाचं तिरकं अक्षर तिनं लगेच ओळखलं.

"चेडू म्हणायचा मला," ती म्हणाली. "त्रेचाळीस वर्षं मी त्या माणसाला शिव्याशाप दिले. आरशात नाक बघितलं की त्याचं नाक म्हणून राग यायचा." रडायचं काम तिनं फार काळ चालू दिलं नाही. बाहीनं डोळे पुसले, गिऱ्हाइकाच्या बाहीनं, आणि म्हणाली, "लिहून घे. रूपांतर मी सांगते. 'पोरीला घरी आण. तिला तिकडे राहू देऊ नको. लोक काय बोलतात ते ऐकू नको.' छाप. शेजारी त्याचंही छाप. दोन्ही बघू देत सगळ्यांना."

पुतणीनं एकच पान छापलं: डावीकडे पत्र, उजवीकडे दोन रूपांतरं, खाली दोन्ही रूपांतरकारांची नाती. सगळ्या नातेवाइकांना टपालानं पाठवलं. काकांनाही.

आठ दिवसांनी आत्याच्या दुकानात फोन वाजला. पुतणी तिथंच बसली होती. काकांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. इतक्या वर्षांनी बहिणीशी बोलताना ते म्हणत होते, "तुझ्या रूपांतरात 'पोरीला' हा शब्द ग्राम्य आहे. तिथे 'मुलीला' हवं."

आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग बापाच्या बोलीत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, म्हणाली, "आता उलय नको."

तिनं फोन ठेवला आणि पुतणीला विचारलं, "तुझ्या त्या बांधणीवाल्या मावशी रविवारी मोकळ्या असतात का गं? घेऊन ये त्यांना. ह्या बोलीत बोलायला कुणी नाही मला."