डिचोलीतल्या दोन शाखा

माझी बायको यशोदा गेली. तिच्या लॉकरमधली नथ आमच्या लेकीच्या, सेजलच्या, नाकात लग्नात दिसायला हवी होती. नॉमिनी मी होतो. बहिणीचे दागिने मी लाटीन या संशयानं मेहुणा गौरेश पाळत ठेवायला स्कूटरवर मागे बसला. यशोदा डिचोलीच्या बाजारातल्या शाखेतून पैसे काढायची, म्हणून तिथंच गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी लॉकरची पावती परत सरकवली. "बँक हीच, पण शाखा कोड बसस्टँडकडच्या शाखेचा आहे. अर्ज तिथंच द्या."

"मुद्दाम फिरवताय, भावोजी," गौरेश म्हणाला.

"पैसे कुठल्याही शाखेत निघतात," मी म्हणालो. " लॉकर एकाच शाखेत असतो. पावती घरीच वाचायला हवी होती."

"ताईच वाचायची. तुम्ही नुसते खाणीचे ट्रक हाकलेत."

ते खरं होतं. मी स्कूटर चालू केली आणि त्याला तिथंच ठेवून बसस्टँडकडे निघालो.