उपरण्याखालची बोटं

गुरुपादप्पाच्या घरात थकलेली माणसं दोन होती आणि गोळ्या एकीच्याच नावाच्या होत्या.

गोळ्या होत्या पार्वतम्माच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या. गर्भपिशवी काढेपर्यंत वर्षानुवर्षं तिच्या अंगावरून भरमसाठ गेलं होतं, ते अजून भरून आलं नव्हतं. चेहरा धुतलेल्या धोतरासारखा पांढरा. नखं चमच्यासारखी खोलगट. जिना चढताना छातीत धडधड. त्यात भुसारीच्या दुकानामागेच घर, त्यामुळे पोत्यातले कच्चे तांदूळ चघळत बसायची सवय लागलेली. लोह कमी झालं की माणसाला माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे आम्हाला नंतर कळलं. तोवर गुरुपादप्पा म्हणायचा, "दुकानात उंदीर न्हाईत. जी तूट येते ती घरातली हाय."

डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की पोट बिघडतं म्हणून ती त्या डब्यामागे सारायची, आणि जेवण झालं रे झालं की पितळी भरून चहा प्यायची. गुरुपादप्पालाही वर्षभर थकवा वाटत होता. थकवा म्हणजे रक्त कमी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शिवाय तो भुसार व्यापारी. आणलेला माल वाया जाताना त्याला बघवत नसे. रोज सकाळी गूळ घातलेल्या लिंबाच्या सरबतासोबत तो बायकोची गोळी स्वतः घ्यायचा. लिंबाने लोह जास्त चांगलं शोषलं जातं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. ते खरंही होतं. तेवढंच एक खरं होतं.

मी त्याचा लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेतला सोबती. लातुरात तीस वर्षं मास्तरकी करून आता घरी बसलो आहे. संध्याकाळी त्याच्या दुकानात बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर टीका करायची, हा माझा निवृत्तीनंतरचा व्यवसाय. त्याचा रंग बदलत चाललेला मला दिसत होता. उन्हाने रापतो तसा नव्हे. राख चोळलेल्या तांब्याच्या तपेल्यासारखा. साखर निघाली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. या वयात लातुरात साखर नसेल तर लोक चौकशी करतात. पण मग पोटाची सोनोग्राफी झाली, लिव्हर सुजलेलं निघालं, आणि डॉक्टरांनी आवाज खाली करून विचारलं, "काका, किती घेता?"

गुरुपादप्पाच्या गळ्यात लिंग. त्याने आयुष्यात ताडी सोडा, नीरासुद्धा चाखली नव्हती.

"बापूसाहेब," त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "मला काय व्हायचं ते होऊ दे. पण अव्वाला हे कळता कामा न्हाई."

अव्वा म्हणजे त्याची आई, शरणम्मा. ऐंशी ओलांडलेली. दुकानामागच्या खोलीत असते, ऐकू सगळं येतं. तिला का कळू द्यायचं नाही, ते मला ठाऊक होतं. मुरुडात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्याचे वडील बसलिंगप्पा मुरुडच्या बाजारातले नावाजलेले व्यापारी. तो बाजार माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. मिरच्यांचा खकाणा, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि मधोमध बसलिंगप्पांचं पांढरं उपरणं. त्या काळी भाव तोंडाने सांगायची पद्धत नव्हती. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालत आणि बोटं दाबून सौदा करत. वर दोघांचे चेहरे मठातल्या स्वामींसारखे निर्विकार. खाली मात्र हमरीतुमरी. आम्ही दोघं शाळा बुडवून तिथे उभे राहायचो आणि उपरणं कसं हलतंय त्यावरून भाव ओळखायचा प्रयत्न करायचो. गणितात मी नापास होत असे, पण तुरीचा भाव माझा बरोबर यायचा.

मग एका हंगामात बसलिंगप्पांचा हात उपरण्याखाली टिकेना. समोरच्याने बोटं दाबली की ते हात काढून घेत. सौदे मोडले. लोक म्हणाले, हात थरथरतो म्हणून लपवतात. पुढे रंग काळवंडला, साखर झाली, पोटात पाणी झालं, आणि पन्नाशीतच ते लिंगैक्य झाले. दवाखान्यातून निदान आलं की लिव्हर गेलं. त्या काळी लिव्हर एकाच कारणाने जायचं. मुरुडने शांतपणे ठरवून टाकलं की अप्पा चोरून पीत होते. शरणम्मा कुणाशी भांडली नाही. तिने नवऱ्याचा फोटो बैठकीतून काढला आणि आतल्या खोलीत, गव्हाच्या कणगीमागे लावला. लातूरला आले तेव्हा कणगी राहिली, फोटो आला, आणि इथेही आतच लागला.

आता मुलाचंही लिव्हर.

मी त्याला नांदेडला घेऊन गेलो. माझी विद्यार्थिनी देविका तिथे पोटविकारांची डॉक्टर आहे. एसटीने अहमदपूर टाकून लोहा गाव लागलं, तेव्हा त्याने खिशातून बायकोच्या गोळीचं पाकीट काढून पाण्याबरोबर एक गोळी घेतली. या योगायोगाचा आम्हाला त्या वेळी काहीच आनंद घेता आला नाही.

देविकाने "सर, बसा" म्हणून आधी मला खुर्ची दिली आणि मग मी तिथे नाहीच असं धरून त्याला तपासलं. रिपोर्ट चाळले. दारूचं विचारलं. तो नाही म्हणाला. तिने नुसती मान हलवली, आणि ते तिने खरं मानलं हे त्या मानेवरून कळत होतं. मग त्याचा उजवा हात घेतला आणि तर्जनी अन् मधल्या बोटाच्या मुळाशी दाबलं.

गुरुपादप्पाने हात झटकन काढून घेतला.

मी ते बघितलं आणि मला मुरुडचा बाजार दिसला. तसाच झटका. फक्त उपरणं नव्हतं.

"घरात आणखी कुणाला असं होतं का?" देविकाने विचारलं.

त्याच्या वडिलांचं मीच सांगितलं. रंग, साखर, पोटातलं पाणी, बोटं. आणि उपरण्याचंही. तिने पेन खाली ठेवलं.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, पुरुषात तीनशेच्या आसपासपर्यंत चालतं. त्याचं तीन हजारांच्या वर. रक्तातून लोह वाहून नेणारी प्रथिनं जवळजवळ गच्च भरलेली. एमआरआयमध्ये लिव्हर लोहाने काळंभोर. जीनची तपासणीही तेच म्हणाली: अंगात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार. हा आजार आपल्याकडे क्वचितच सापडतो, म्हणून कुणाला पटकन सुचत नाही.

"काका, तुमचं गोदाम आहे ना?" देविका म्हणाली. "माल भरला की दारावरचा माणूस गाडी परत पाठवतो. शरीरात ते काम लिव्हर करतं. हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं. ते आतड्याला सांगतं, पुरे, आता आत सोडू नको. काकूंचं गोदाम रिकामं आहे, म्हणून त्यांचं लिव्हर हे हार्मोन कमी सोडतं, दार उघडं ठेवतं. ते बरोबरच आहे. तुमचं गोदाम ओसंडून वाहतंय, तरी तुमचं लिव्हर हे हार्मोन पुरेसं बनवतच नाही. जन्मापासून. दार उघडंच."

"मग जावक?"

"तीच तर अडचण. लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच. थोडं कातडीबरोबर, आतड्याबरोबर झडतं, तेवढंच. बायकांचं पाळीतून जातं. उरलेलं साठतं, लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात, म्हणून साखर. सांध्यात, म्हणून बोटं. हृदयातही साठू शकतं."

"आन् गोळ्या?"

"कुठल्या गोळ्या?"

त्याने पाकीट काढून टेबलावर ठेवलं. देविकाने पाकीट उलटून रिकाम्या झालेल्या जागा मोजल्या. "गोळ्यांमुळे आजार झाला नाही," ती म्हणाली. "पण जळत्या गंजीवर तुम्ही रोज रॉकेल ओतत होता. वर लिंबू पिळून."

उपाय ऐकून त्याचा विश्वास बसेना. रक्तपेढीत जाऊन दर आठवड्याला एक पिशवी रक्त काढायचं. नवीन रक्त बनवायला शरीर साठ्यातलं लोह वापरतं, असं करत साठा उतरतो. पुढे काही महिन्यांनी एकदा, पण जन्मभर.

"मग ते रक्त हिला द्या की," तो म्हणाला. "माझ्याकडं जास्त, तिच्याकडं कमी. घरातल्या घरात मिटलं."

"काका, तुम्हाला व्यापार सुटत नाही," देविका हसली. "काकूंना त्यांच्याच गोळ्या पुरतील. फक्त त्यांनी स्वतः घ्यायच्या, आणि चहा जेवणानंतर दोन तासांनी. चहा लोह अडवतो."

लिव्हर अजून पूर्ण कडक झालं नव्हतं, सुधारायला वाव होता. साखर आणि बोटं कदाचित तशीच राहतील, तेही तिने लपवलं नाही. धाकट्या भावाला, अमरनाथला, तपासायला सांगितलं. त्याच्यातही ते निघालं, पण अजून कुठे नासधूस नव्हती. तो नांदेडलाच असतो. रक्त द्यायला सायकलवर जातो आणि थोरल्या भावाला फोन करून सांगतो की आपल्याला काही झालेलं नाही.

त्या दिवशी निघताना गुरुपादप्पा दारात थांबला. "मॅडम, माझे वडील?"

"त्यांचं रक्त आता माझ्याकडे नाही, म्हणून शपथेवर नाही सांगता येणार," देविका म्हणाली. "पण हा आजार व्हायला बिघडलेले जीन दोन लागतात. एक त्यांच्याकडून तुमच्याकडे आलाच आहे, एक आईकडून. दोघांचं आधीचं नातं होतं का?"

"अप्पा अव्वाचे सख्खे मामा. आमच्यात चालतं."

"मग तो जीन एकाच घराण्यातला. सगळं जुळतं. दारूचा एक थेंब नसताना जुळतं."

लातूरला परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पार्वतम्मा चहा घेऊन आली, आणि आम्ही दोघांनी तिच्या हातातल्या तिच्या स्वतःच्या कपाकडे असं बघितलं की तिने तो परत नेला. शरणम्मा आतल्या खोलीत बसली होती. कळता कामा नये असं म्हणणारा गुरुपादप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. गोदाम, दार, रक्ताची पिशवी, सगळं. आणि शेवटी, "अव्वा, अप्पा पीत नव्हते."

म्हातारी म्हणाली, "तोंडाला वास यायचा."

त्याने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं तिच्याकडे एवढा पुरावा होता आणि तो तिने कुणालाही दिला नव्हता.

"कसला वास, अव्वा?" मी विचारलं.

"गोडसर. कुबट. सडक्या फळागत."

मी तिथूनच देविकाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि वासाचं सांगितलं. "लिव्हर निकामी होत आलं की येतो तसा वास, आजी," देविका फोनमधून म्हणाली. "दारूचा नाही तो. आजाराचाच."

शरणम्माने फोनकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. "मी त्यांच्याकडं पाठ करून निजायची," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. फोनला तर नक्कीच नाही.

मग तिने पदर सोडला, मांडीवर पसरला आणि त्याखाली हात घातला. "दे हात."

गुरुपादप्पाने पदराखाली हात घातला. आम्हाला बाहेरून फक्त पदर हलताना दिसत होता. दोघांचे चेहरे बाजारात असावेत तसे.

"इथं?"

"हाव."

"लई?"

"दाबलं की."

पदर थोडा वेळ स्थिर राहिला. मी सवयीने भाव ओळखायचा प्रयत्न केला, पण या वेळी आला नाही.

"त्यांनीबी असंच हात काढून घेतला होता," ती म्हणाली. "मी म्हणले, नाटकं करू नका." तिने हात बाहेर काढला नाही. "पार्वती, तो फोटो उतरव. पुढं लाव. गिऱ्हाइकाला दिसंल असा."

दारात उभी असलेली पार्वतम्मा स्टुलावर चढली. चढल्यावर तिला धाप लागली, तशी म्हातारीने खालूनच विचारलं, "गोळी घेतलीस का?"

"घेते, अत्ती."

"आत्ता घे. माझ्यासमोर," शरणम्मा म्हणाली, आणि पदराखाली मुलाचा हात तसाच धरून ठेवला, हलकाच, न दाबता.